साखर टाकली नाही, म्हणजे साखर नाही असं नव्हे

 

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. उन्हाळ्यात आपण रसवंतीवर जातो. चरकातून ऊस निघतो, लिंबू-आलं पिळलं जातं, बर्फ पडतो आणि ग्लास हातात येतो. रसवंतीवाला त्यात साखर टाकतो का? नाही. एक चिमूटसुद्धा नाही. मग उसाच्या रसात साखर नाही, असं म्हणता येईल का? ऐकून हसूच येईल, कारण साखर ज्यापासून करतात तोच हा रस.

आता हाच प्रश्न दुकानातल्या फळांच्या रसाच्या खोक्याला विचारा. खोक्यावर लालचुटूक सफरचंद, कापलेलं संत्रं आणि ठळक अक्षरांत ‘नो ॲडेड शुगर’. म्हणजे वरून साखर टाकलेली नाही. ते वाचून आपण निश्चिंत होतो आणि खोकं लेकराच्या दप्तरात ठेवतो. गेल्या महिन्यात आम्ही चौघी-पाचजणींनी अशी रिकामी खोकी गोळा केली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि हिशेब मांडला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

आधी त्या शब्दांचा खरा अर्थ बघू. आपल्या देशात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर काय लिहावं, हे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ठरवतं. कोणता दावा केव्हा करता येईल, याचे नियम त्यांनी २०१८ मध्ये केले. ‘नो ॲडेड शुगर’ लिहायचं असेल तर त्या पदार्थात कुठल्याही प्रकारची साखर घातलेली चालत नाही. साधी साखर नाही, ग्लुकोज नाही, मध नाही, काकवी नाही. साखर असलेला जॅम किंवा गोड केलेले फळांचे तुकडेही चालत नाहीत. साखरेऐवजी गोडीसाठी फळांचा आटवलेला पाक तसाच ओतला तरी हा दावा करता येत नाही.

नियम चांगला आहे. पण तो काय टाकलं एवढंच पाहतो. आत एकूण साखर किती आहे, याबद्दल हे तीन शब्द काहीच सांगत नाहीत. ‘शुगर फ्री’ हा दावा वेगळा. तो करायचा तर १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असून चालत नाही. आपण मात्र ‘नो ॲडेड शुगर’ वाचतो आणि मनात ‘शुगर फ्री’ समजतो. फसगत होते ती इथेच.

फळाच्या रसात फळाची स्वतःची साखर असतेच. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात १०० मिलिलिटरला साधारण ८ ते ११ ग्रॅम. शिवाय खोक्यातला बराचसा रस आटवलेल्या रसापासून केलेला असतो. कारखान्यात रसातलं पाणी उडवून तो काकवीसारखा दाट करतात, कारण दाट रस साठवायला आणि दूरवर न्यायला सोपा जातो. मग खोकं भरताना त्यात पुन्हा पाणी घालतात. जेवढं काढलं तेवढंच पाणी परत घातलं तर नियमाप्रमाणे तो पुन्हा रसच झाला. त्यात संत्र्याबरोबर सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा गोड रस मिसळला, तरी साखर टाकली असं धरलं जात नाही.

आता हिशेब करू. कंपन्यांची नावं घेत नाही. दुकानात साधारणपणे दिसणारे दोन प्रकार घेऊ. हातात कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिलं खोकं फळाच्या पेयाचं. मागे घटकांची यादी आहे : पाणी, साखर, मग संत्र्याचा आटवलेला रस, मग आंबटपणाचा पदार्थ, रंग आणि वास. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. जे जास्त ते आधी. इथे पाण्यामागोमाग साखर आली, फळ तिसऱ्या नंबरवर. अशा पेयात निदान १० टक्के फळाचा रस असावा, लिंबाचं असेल तर ५ टक्के, एवढीच अट आहे. म्हणजे पुढच्या चित्रात संत्रं कितीही मोठं असलं तरी आत दहा भागांत एक भाग फळ. खाली तक्त्यात ‘टोटल शुगर्स’, म्हणजे एकूण साखर, १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम. खोकं २०० मिलिलिटरचं. तेरा दुणे सव्वीस. एका खोक्यात २६ ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम धरला तर पाच चमच्यांहून थोडी जास्त.

दुसरं खोकं ‘नो ॲडेड शुगर’चं. घटक : पाणी, संत्र्याचा आटवलेला रस, सफरचंदाचा आटवलेला रस. तक्त्यात ‘ॲडेड शुगर्स’, म्हणजे वरून टाकलेली साखर, शून्य. ‘टोटल शुगर्स’ १०० मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम. खोकं तेवढंच, २०० मिलिलिटरचं. म्हणजे २१ ग्रॅम. चार चमच्यांहून थोडी जास्त.

दोन्हींत फरक निघाला एका चमच्याचा. दुसरं खोकं खोटं बोललेलं नाही आणि त्यात फळही खरोखर जास्त आहे. पण पाच चमच्यांऐवजी चार चमचे साखर पाजली, एवढाच साखरेच्या बाबतीत त्याचा फायदा. त्यासाठी पैसे मात्र बरेच जास्त मोजले.

इथे आमच्यातल्या एका वहिनीने विचारलं, ‘अहो, पण ती फळाचीच साखर ना? संत्रं खाल्लं तरी तीच जाते. मग नुकसान काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. साखर तीच आहे. पण ती पोटात जाण्याची रीत बदलली आहे.

फळात साखर फळाच्या पेशींत, चोथ्यात, सालींत बंदिस्त असते. ती चावून बाहेर काढावी लागते. रस काढला की ती सुटी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जो सल्ला दिला, त्यात ‘सुटी साखर’ असा गट केला आहे. त्यात आपण घातलेली साखर येते, मध येतो, पाक येतो आणि फळांचा रसही येतो, मग तो खोक्यातला असो की घरी काढून गाळलेला. अख्ख्या फळातली साखर त्या गटात धरलेली नाही.

किती सुटी साखर चालेल? दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, आणि जमल्यास त्याच्याही निम्मी, असं ती संघटना सांगते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० उष्मांक लागतात, असा आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशेब आहे. त्याचा दहावा हिस्सा १३६. एका ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ३४ ग्रॅम. निम्मं म्हटलं तर १७ ग्रॅम. आपल्या दुसऱ्या खोक्यात २१ ग्रॅम होती. म्हणजे चांगली मर्यादा एका खोक्यातच ओलांडली. आणि सकाळचा गोड चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं, दुपारची गोळी हे अजून मोजायचंच आहे.

आता चावण्याची गोष्ट. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये एक साधा प्रयोग छापला. दहा निरोगी माणसांना त्यांनी एकदा अख्खी सफरचंदं खायला दिली, एकदा त्यांचा गर करून दिला आणि एकदा चोथा काढलेला रस दिला. साखर तिन्ही वेळा सारखीच मोजलेली. अख्खं फळ खायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस संपला. मग त्यांनी वेळ सारखा करून पाहिला. तरीही रस पिऊन पोट कमी भरल्यासारखं वाटलं, गराने त्याहून बरं आणि अख्ख्या फळाने सगळ्यात बरं. रक्तातली साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, पण रसानंतर ती झपकन खाली गेली. ही मोठी माणसं होती आणि फक्त दहा होती, हे खरं. पण मुलांच्या बाबतीत आपण रोज जे पाहतो त्याच्याशी हे जुळतं. खोकं संपवून दहा मिनिटांत ‘आई, भूक लागली’, नाहीतर जेवणाच्या वेळी ‘पोट भरलंय’.

हे आपल्या संत्र्यावर करून बघा. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव आणि संग्रामपूर तालुक्यांत, संत्र्याच्या बागा आहेत. फळ आपल्याला परकं नाही. मध्यम आकाराची संत्री घ्या आणि पिळून गाळून २०० मिलिलिटर रस काढा. साधारण तीन संत्री लागतील. आता चार वर्षांच्या लेकराला तीन संत्री सोलून द्या. एक खाईल, फार तर दुसऱ्याच्या चार फोडी खाईल आणि खेळायला पळेल. त्याच्या पोटानेच त्याला ‘पुरे’ म्हटलं. रसाचा ग्लास मात्र ते एका दमात पितं, आणि गाळणीत राहिलेला चोथा, ज्याने पोट साफ होतं, तो आपण टाकून देतो. मुलाला शौचाला खडा होतो म्हणून रस पाजतो आणि खड्यावरचा उपाय गाळून फेकतो, असं होतं.

दातांचंही तेच. रस गोड आणि आंबट दोन्ही असतो. नळीने घोट-घोट घेत तासभर खोकं चघळलं की दुधाचे दात तेवढा वेळ त्यात भिजत राहतात. बाटलीत रस भरून झोपताना देणं तर सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दात धुतले जात नाहीत.

मग दुकानात खोकं हातात घेतलं की काय बघायचं? पुढची बाजू सोडा, उलटं करा. फक्त तीन ओळी शोधा. पहिली, ‘टोटल शुगर्स’. ती १०० मिलिलिटरसाठी लिहिलेली असते, म्हणून खोकं किती मिलिलिटरचं ते बघून गुणायचं आणि पाचाने भागायचं. आले तितके चमचे. दुसरी, घटकांची यादी. साखर कितव्या नंबरवर आहे आणि फळ किती टक्के आहे ते तिथे कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात, पुढच्या दाव्यांवर न जाता मागची माहिती वाचा, असं बजावलं आहे. तिसरी ओळ गोडीच्या पदार्थांची. साखर न घालता पेय फार गोड लागत असेल तर यादीत ९५०, ९५१, ९५५ किंवा ९६० असे आकडे शोधा. ते बिनसाखरेच्या गोडीचे आकडे आहेत. त्यात साखर नसते, पण लेकराच्या जिभेला तीव्र गोडाची सवय तशीच लागते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे.

अक्षरं इंग्रजीत असतात, ही आपली अडचण आहे. घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलामुलीला वाचायला सांगा. गुणाकार-भागाकारही त्यांच्याकडूनच करून घ्या. आमच्या गटातल्या एका मुलीने स्वतः चमचे मोजले आणि साखर वाटीत ओतून आजीला दाखवली. त्या घरात त्यानंतर जास्त सांगावं लागलं नाही.

‘शंभर टक्के फळांचा रस’ हे शब्द जुन्या खोक्यांवर तुम्ही पाहिले असतील. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या रसावर असा दावा करता येणार नाही, तो काढून टाका, असा आदेश एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये दिला. कारण अशा रसात पाणी हा मुख्य घटक असतो. आणि रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर ‘गोड केलेला रस’ असं लिहावं लागतं, याचीही तेव्हा आठवण करून दिली.

आता वयाप्रमाणे काय करावं ते सांगतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. रस नाही, पाणीही नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिलिलिटर, म्हणजे लहान अर्धा पेला. पाच वर्षांपुढे जास्तीत जास्त २५० मिलिलिटर. शक्यतो ताजा. ही वरची मर्यादा आहे, रोज एवढा पाजाच असा अर्थ नाही. रसात क जीवनसत्त्व असतं, तो काही विष नाही. सणावाराला, पाहुण्यांबरोबर, जेवणासोबत अर्धा पेला घेतला तर बिघडत नाही. तहान लागली की मात्र पाणी, आणि मधल्या वेळेला अख्खं फळ.

एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण तिथे साखरेचा हिशेब जिवाशी येतो. लेकराला हगवण लागली, सलाईन लावलं, की भेटायला येणारे नातेवाईक फळाच्या रसाची खोकी घेऊन येतात. प्रेमानेच आणतात. पण ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या, एक लिटर पाण्यात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, आणि मिठाचं प्रमाण मोजून बसवलेलं असतं. रसात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळपास नसतं. एवढी साखर आतड्यात गेली की ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते. हगवण थांबण्याऐवजी वाढते, लेकरू आणखी सुकतं. सफरचंदाच्या रसाने तर ठणठणीत लहान मुलांचंही पोट ढिलं होतं.

दुकानात काही फळांच्या पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरंही असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही कुठे जुना माल दिसला तर तो ओआरएस समजू नका. खरं ओआरएस म्हणजे पावडरची पुडी, जी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची असते. ती आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे, आरोग्य उपकेंद्रात मोफत मिळतात. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, काही पिईना झालं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटी, अख्खं फळ खायला घालायचं कसं, कारण ‘आमचं पोरगं फळ खातच नाही’ ही तक्रार प्रत्येक घरात आहे. सात-आठ महिन्यांच्या बाळाला पिकलेलं केळं, पपई, चिकू वाटीत कुस्करून द्या. बी आधी काढा. सफरचंद कडक असतं, ते वाफवून मऊ करा किंवा किसून द्या. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला संत्र्याची फोड देताना बी काढा आणि वरचा पापुद्रा उघडून आतला गर द्या. द्राक्षं अख्खी देऊ नका. उभी चिरून चार भाग करा, कारण गोल द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. बोरं आणि जांभळं बी काढल्याशिवाय पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती नकोत. फळ खाताना मूल बसलेलं असावं, पळतं नसावं.

मोठ्यांच्या डब्याला केळं सगळ्यात सोयीचं, त्याचं वेष्टन त्याच्या अंगावरच असतं. पेरूच्या फोडी कापल्यावर वर लिंबू पिळा, काळ्या पडत नाहीत. संत्रं घरीच अर्धं सोलून द्या. शाळेच्या सुटीत मुलांना सोलायला वेळ नसतो म्हणून ते तसंच परत येतं, आवडत नाही म्हणून नव्हे. आणि महागडी, चकचकीत सफरचंदंच हवीत असं काही नाही. हिवाळ्यात बोरं, पेरू, संत्री, दिवाळीच्या सुमारास सीताफळ, उन्हाळ्यात टरबूज, आणि केळी तर बाराही महिने. एका खोक्याच्या पैशात बाजारात यातलं काही ना काही येतंच. लहान किंवा सालीवर डाग असलेलं संत्रं स्वस्त मिळतं आणि आतून तेवढंच गोड असतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरात एखादं खोकं असेल तर ते उलटं करा, ‘टोटल शुगर्स’ शोधा, गुणा, पाचाने भागा आणि तेवढे चमचे साखर एका वाटीत काढून सगळ्यांना दाखवा. किती चमचे निघाले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण बिस्किटांच्या पुड्यांचा असाच हिशेब करणार आहोत, तेव्हा ती वही लागेल. तोवर आम्हा सगळ्यांचा नमस्कार.